उपवासाची कढई

कडूबाई आमच्या हॉटेलात भांडी घासायला आल्या त्या दिवशी त्यांना दोन गोष्टी दाखवण्यात आल्या. एक मोरी आणि दुसरी रेघ. मोरी मी दाखवली. रेघ बद्रीनाथ महाराजांनी मारली. महाराज म्हणजे आमचे मुख्य आचारी. त्यांनी कडूबाईंना गाव विचारलं, मग बिडकीनच्या अलीकडची वस्ती कोणती ते विचारलं, आणि उत्तर ऐकून खिशातून खडू काढला. स्वयंपाकघराच्या पूर्वेच्या कोपऱ्यात उपवासाच्या पदार्थांची वेगळी शेगडी होती. तिच्यासमोर त्यांनी एक सरळ रेघ ओढली आणि म्हणाले, "ह्याच्या अलीकडं यायचं नाय. उपवासाची भांडी माझी मी बघतो."

कारण कोणी विचारलं नाही. आमच्याकडे सगळ्यांना कारणं माहीत असतात, त्यामुळे विचारण्यात वेळ जात नाही. पुढे खडू पुसला जाऊ लागला म्हणून तिथे विटांची एक ओळ बसवली. त्या विटांच्या मंजुरीवर माझी सही आहे.

कडूबाई बारा वर्षं त्या ओळीच्या बाहेर राहिल्या. जालना रोडवर चिकलठाण्याच्या पुढे तेव्हा आमचं एकट्याचं हॉटेल होतं. बारा वर्षांत आजूबाजूला रो-हाऊस आले, शाळा आल्या, एका बाजूला जिम आली. आमचे मालक नानासाहेब यांनी मागच्या मोकळ्या जागेत वातानुकूलित फॅमिली हॉल बांधला. कडूबाईंची मोरी होती तिथेच राहिली. फक्त भांडी तिप्पट झाली.

त्यांच्या कामाबद्दल एक सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच अवलंबून आहे. भांडं हातात घेतलं की त्यात काय शिजलं होतं हे त्यांना न पाहता कळायचं. बेसन कडेला धरतं. दूध तळाला धरतं. शेंगदाण्याचा कूट मात्र दिसत नाही, तो तेल सोडतो आणि भांड्याला कातडीसारखा चिकटतो. "वरून पाणी टाकलं की पाणी पळून जातं," त्या सांगायच्या. "पाणी पळालं की समजायचं, कूट हाय. गरम पाणी, साबण आन् काथ्या, तव्हा कुठं निघतो. निस्तं फडकं मारलं तर कूट निघत नाय, पसरतो." हे ज्ञान त्यांनी मला अनेकदा ऐकवलं होतं. मी ते ऐकून घेत असे. मॅनेजरने कर्मचाऱ्यांचं ऐकून घ्यावं, असं कुठेतरी वाचलं होतं. ऐकून पुढे काय करावं, ते त्यात नव्हतं.

मग २०१९ चा उन्हाळा आला. शहरात नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी, टँकर सांगितला तर परवा, आणि परवा म्हणजे कधी ते टँकरवाल्याच्या मनावर. मी एक परिपत्रक काढलं. सहा कलमं होती. कलम एक, वाहत्या पाण्याखाली काही धुऊ नये. कलम तीन, पळ्या, डाव आणि उलथनी एका बादलीत बुचकळून घ्यावीत. कलम चार, वापरलेलं पाणी टाकू नये, साठवून पुन्हा वापरावं. परिपत्रक लॅमिनेट करून तीन ठिकाणी लावलं. नानासाहेबांनी त्याचं कौतुक केलं.

कडूबाईंनी केलं नाही. कलम तीनवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "साहेब, समद्या पळ्या एका बादलीत म्हणजे समद्या भाज्या एकाच भाजीत. मग वेगळ्या पातेल्यात शिजवता कशाला?"

मी म्हणालो, "कडूबाई, दुष्काळ आहे."

"व्हय. मलाबी दिसतोय."

आठवड्याभरात त्यांनी बादल्या तीन केल्या, पाणी तेवढंच ठेवून. हे माझ्या परिपत्रकाचं उल्लंघन होतं, पण पाणी वाढलं नव्हतं, म्हणून मी दुर्लक्ष केलं. परिपत्रकाचं खरं पालन विटांच्या पलीकडे चाललं होतं. महाराजांनी उपवासाची भांडी धुणंच बंद केलं. "पवित्र भांडं आहे, त्यात मुळात घाण काय होणार?" असं म्हणत ते कढई आणि उलथनं कोरड्या फडक्याने लख्ख पुसत. दिवसभराच्या उपवासाच्या कामाला त्यांना एक तांब्या पाणी पुरायचं. जलबचतीबद्दल मी त्यांचा सत्कार केला. नारळ आणि टॉवेल.

मे महिन्यातल्या एका शनिवारी हॉलमध्ये वाढदिवस ठरला. वाळूजच्या एका कंपनीत इंजिनीयर असलेल्या गृहस्थांची मुलगी, चारुता, सात वर्षांची होणार होती. तीस माणसं, दुपारी एक वाजता. मुलीच्या आईने, अश्लेषाताईंनी, आठवडाभरात मला तीनदा फोन केला. तिन्ही वेळा एकच सांगितलं. चारुताला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे. नावड नाही, पथ्य नाही, ॲलर्जी. गेल्या वर्षी जालन्याला एका लग्नात कोशिंबिरीतून एक चमचा कूट पोटात गेला. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास कोंडला, आणि इंजेक्शन मिळायला अर्धा तास उशीर झाला असता तर, असं म्हणून त्या फोनवर थांबल्या होत्या.

"तिच्यासाठी वेगळं करा. साधा भात आणि बटाट्याची भाजी. बाकी काही नको. पण शेंगदाण्याचा कणसुद्धा नको, काका."

"काळजी करू नका, आमच्याकडे नोंद होते," मी म्हणालो. आणि नोंद केली. लाल शाईत, खाली दोन रेघा मारून : *दाणे नकोत*. ते रजिस्टर आजही आहे. नोंदीत एकही चूक सापडणार नाही.

त्याच शनिवारी साडेअकराला नव्या हॉलमध्ये नव्या कर्मचाऱ्यांसाठी एक छोटं भाषण होतं. हॉल वाढला म्हणून चौदा माणसं घेतली होती. कोणी वाळूजच्या कारखान्यातून कमी केलेले, कोणी पैठणकडचे. भाषण द्यायला पुण्याहून चिन्मय सर आले होते. वय सत्तावीस, लॅपटॉप एक, स्लाइड बत्तीस. विषय होता, एका पदार्थातलं दुसऱ्यात मिसळणं आणि ॲलर्जीच्या ऑर्डरींची अदलाबदल.

खरं सांगायचं तर भाषण चांगलं होतं. कच्च्याला लागलेली सुरी शिजलेल्याला लावू नका. एकच फडकं सगळीकडे फिरवू नका. "आता नीट ऐका," सर म्हणाले. "जंतू उकळल्यावर मरतात. ॲलर्जीचा पदार्थ उकळून, तळून, भाजून काही होत नाही. तो जिवंत नसतोच, मरणार काय? तो फक्त धुऊन जातो. आणि गिऱ्हाइकाने विचारलं की यात अमुक आहे का, तर माहीत नसताना 'नाही' म्हणायचं नाही. 'विचारून सांगतो' म्हणायचं. ताटात चुकून पडलंच तर उचलून टाकून तेच ताट द्यायचं नाही. नवं ताट, नवं वाढप."

मग हात धुण्याचं प्रात्यक्षिक. साबण लावून वीस सेकंद चोळायचे आणि वाहत्या पाण्याखाली धुवायचे. सरांनी हॉलचा नळ सोडला. नळाने एक उसासा टाकला. सरांच्या मागच्या भिंतीवर माझं परिपत्रक होतं, कलम एक ठळक अक्षरांत.

मी कडूबाईंना बोलावलं. त्या दोन बादल्या घेऊन आल्या, एक भरलेली आणि एक रिकामी. मग भरलेलीतून मगाने सरांच्या हातावर धार धरली, सर वीस सेकंद मोजत राहिले, आणि साबणाचं पाणी रिकाम्या बादलीत साठत गेलं. कलम चार. त्यानंतर चौदा जणांनी हात धुतले. दुसरी बादली अर्धी भरली, फेसाळ आणि जरा काळपट.

कडूबाई बादली धरून उभ्याच होत्या, कारण जा असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. सरांनी शेवटचा प्रश्न विचारला. "समजा, शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलीची ऑर्डर आली. कोणतं भांडं घ्याल?"

आकाश नावाचा तिशीचा माणूस होता, वाळूजचाच, यंत्राच्या सुरक्षेवर अशी दहा भाषणं ऐकलेला. तो म्हणाला, "सर्वांत स्वच्छ."

"शाब्बास. आणि तुमच्या हॉटेलात सर्वांत स्वच्छ कोणतं?"

"उपवासाचं," पाच-सहा जण एकदम म्हणाले. दोन दिवसांत त्यांना विटांची ओळ पाठ झाली होती. सरांनी टाळी वाजवली. सगळ्यांनी वाजवली. मीही.

"महाराजांनी आजच्या मुलीसाठी तीच कढई घेतलीय," मी अभिमानाने सांगितलं. सकाळी महाराज स्वतः मला म्हणाले होते, लेकरू नाजूक आहे, तिचं उपवासाच्या कढईत करतो, तिथे कसला विटाळ नाही.

तेव्हा कडूबाई बोलल्या. "सर, त्याच कढईत तर कूट असतोय. सकाळी साबुदाण्याची खिचडी झालीय त्यात. आज शनिवार. चार घाणे झाले."

हॉल हसला. चिन्मय सर हसले नाहीत, पण त्यांना पुढची स्लाइड लावायची होती. "मावशी, धुतली असेल ना नंतर?"

"पुसली."

"पुसली म्हणजे?"

"फडक्यानं. समदा उन्हाळा बघते मी पलीकडून. आन् भाजीला तेल कोणतं घेतलं ते विचारा. उपवासाला दुसरं तेल चालत नाय, घाण्याचं शेंगदाण्याचंच तेल लागतं. तोच डबा तिथं."

मी म्हणालो, "कडूबाई, भाषण चालू असताना मधे बोलू नका."

हे वाक्य माझं आहे. ते कोणत्याही रजिस्टरमध्ये नाही, म्हणून इथे नोंदवतो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा. त्यांनी हातातला मग स्वच्छ पाण्याच्या बादलीत टाकला, फेसाची बादली उचलली आणि स्वयंपाकघराकडे निघाल्या. बादली हिंदकळत होती म्हणून, निदान त्या कारणाने, मी मागे गेलो. चिन्मय सर लॅपटॉप सोडून माझ्या मागे आले.

महाराजांनी कढई शेगडीवरून उतरवली होती. पिवळीधमक बटाट्याची भाजी, वर कोथिंबीर. शेजारी लहान मुलांचं गुलाबी ताट.

कडूबाई विटांजवळ थांबल्या. नियम त्यांनी शेवटपर्यंत पाळला, हे मी पाहिलंय. "महाराज, ही भाजी त्या पोरीला देऊ नका."

"दाणे घातले नाहीत मी. देवाशपथ."

"तुम्ही नाय घातले. कढईनं घातले."

"कडूबाई, मोरीकडं बघा. मला शिकवू नका."

"मी कुठं शिकवते. दुसऱ्या कढईत करा एवढंच म्हणते. माझ्याकडं घासलेली हाय, गरम पाण्यानं."

"तुझ्या मोरीतली?" महाराज पहिल्यांदाच हसले. "उपवासाची कढई सोडून तुझ्या मोरीतली घेऊ?" आणि त्यांनी उलथनं भरून भाजी उचलली, गुलाबी ताटाच्या दिशेने.

कडूबाई विटा ओलांडून पलीकडे गेल्या. दोन पावलं. आणि चौदा माणसांच्या हातांचं साबणाचं पाणी त्यांनी अख्ख्या कढईत ओतलं. वापरलेलं पाणी टाकायचं नाही, पुन्हा वापरायचं. माझ्या परिपत्रकातल्या कलम चारचं इतकं तंतोतंत पालन त्याआधी कोणी केलं नव्हतं.

बटाटे फेसात तरंगले. महाराजांच्या हातातून उलथनं पडलं. नानासाहेब गल्ल्यावरून आले, दृश्य पाहिलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "हे काय आहे?"

माझ्याकडे याची नोंद नव्हती.

"बाटवली," महाराज शेवटी म्हणाले. "शेठ, कढई बाटवली. आता त्यात एकादशी होणार नाही. एक तर ही राहील, नाही तर मी."

नानासाहेबांनी एका क्षणात निर्णय घेतला. त्यांना निर्णयक्षमतेबद्दल व्यापारी संघाचं स्मृतिचिन्ह मिळालेलं आहे. "कडूबाई, उद्यापासून येऊ नका."

कडूबाईंनी पदराला हात पुसले. "नाय येत. पण ती पोरगी एक वाजता जेवणार. तेवढं बघा."

तेवढ्यात दारातून आवाज आला. "काय झालं?" अश्लेषाताई हॉलमध्ये फुगे लावायला लवकर आल्या होत्या. हातात एक न फुगवलेला फुगा होता.

नानासाहेब गोड झाले. "काही नाही ताई, जरा गोंधळ. तुमच्या चारुतासाठी महाराजांनी इतकी सोवळ्यात भाजी केली होती, आणि ह्या बाईंनी..."

"कशात केली होती?"

महाराजांना अखेर कोणीतरी योग्य प्रश्न विचारला होता. ते ताठ झाले. "उपवासाच्या कढईत, ताई. दुसऱ्या कशाचा स्पर्श नाही तिला. फक्त साबुदाणा, वरई आणि दाण्याची आमटी. सकाळची खिचडी झाल्यावर लख्ख पुसली होती. तेलसुद्धा शुद्ध घाण्याचं."

अश्लेषाताई कांद्याच्या पोत्यावर बसल्या. फुगा हातातच होता.

"ताई, दाणे मी घातलेच नाहीत," महाराज म्हणाले. आता आवाज बारीक होता. आपण काय बोललो हे त्यांनाही ऐकू आलं असावं.

कडूबाईंनी खाली वाकून पडलेलं उलथनं उचललं. एक पांढरा स्वच्छ नॅपकिन ओला केला आणि पात्याला दांडा जिथे खिळ्याने जोडलेला असतो तिथे, मागच्या खाचेत, बोटाने दाबून फिरवला. पांढऱ्यावर तेलकट, बदामी रंगाचा पट्टा उमटला. बारीक कण होते त्यात. नॅपकिन त्यांनी नानासाहेबांच्या समोर धरला, मग माझ्या. महाराजांच्या समोर धरला नाही.

"ह्येच," त्या म्हणाल्या. "पुसल्यावर राहिलेलं."

चिन्मय सरांनी फोटो काढला. तो आता त्यांची एकोणिसावी स्लाइड आहे. खाली 'एका हॉटेलातील निरीक्षण' असं लिहिलेलं असतं.

"माझं चुकलं, ताई," सर अश्लेषाताईंना म्हणाले. "सर्वांत स्वच्छ भांडं कोणतं, हे मी विचारलं. त्यात काय शिजतं, हे विचारलं नाही." सत्तावीस वर्षांच्या माणसाला हे जमलं. आम्ही दोघं, म्हणजे नानासाहेब आणि मी, साठीच्या आसपास होतो. आम्ही घड्याळाकडे पाहत होतो.

अश्लेषाताई उठल्या. "तुमच्याकडे घासलेली कढई आहे का?" हे त्या कडूबाईंना विचारत होत्या.

"हाय की. पण मला उद्यापासून नाय यायचं. आज हाय मी."

त्यानंतरची पंचवीस मिनिटं स्वयंपाकघर कडूबाईंच्या शब्दावर चाललं. मोरीतली कढई आली. ती त्यांनी अश्लेषाताईंसमोर पुन्हा गरम पाणी आणि साबणाने घासली, वरून स्वच्छ पाणी घेतलं, आणि आतून पाण्याची धार सोडून दाखवली. पाणी पळालं नाही, सरळ पसरलं. सूर्यफुलाच्या तेलाची नवी पिशवी फोडली. अश्लेषाताईंनी तिच्यावरची अक्षरं दोनदा वाचली. मसाल्याच्या डब्याला हात लावायचा नाही असं ठरलं, कारण त्यातला चमचा कुटाच्या डब्यातही फिरतो. हळद आणि मीठ नव्या पुड्यांतून. महाराजांनी हात धुतले, वीस सेकंद, कडूबाईंच्या मगाखाली. आणि त्यांच्या मोरीतल्या कढईत भाजी केली. तसं पाहिलं तर बाकीच्या सगळ्या शहराची भाजी ते बारा वर्षं त्याच मोरीतल्या भांड्यांत करत होते.

तरी सगळं नीट झालं असं म्हणता येत नाही. आकाशने ताट नेताना सवयीने कोपऱ्यात दाण्याच्या चटणीची वाटी ठेवली. प्रत्येक ताटात ठेवायची, असं मीच त्याला सकाळी शिकवलं होतं. दारातच त्याच्या लक्षात आलं, त्याने वाटी उचलली आणि पुढे निघाला.

"ए बाबा, थांब," कडूबाई म्हणाल्या. "मघाशी काय सांगितलं सरांनी?"

"वाटीच होती मावशी, सांडलं नाही."

"सांडलं नाय हे तुला दिसलं. तिच्या घशाला दिसंल का? नवं ताट घे."

त्याने नवं ताट घेतलं. एक वाजून वीस मिनिटांनी चारुताने भात आणि बटाट्याची भाजी खाल्ली, आणि भाजी अळणी आहे अशी तक्रार केली. महाराजांनी घाबरून मीठ जपून टाकलं होतं. अश्लेषाताई तासभर तिच्या ओठांकडे पाहत बसल्या. काही झालं नाही. त्यांनी आमच्याकडे पुन्हा कार्यक्रम केला नाही, आणि मी त्यांना फोन केला नाही.

संध्याकाळी कडूबाई डबा पिशवीत भरून नानासाहेबांसमोर उभ्या राहिल्या. नानासाहेब मोबाईलमध्ये बघत होते. माफी हा शब्द त्यांच्या व्यवसायात बसत नाही. ते म्हणाले, "रविवारची गर्दी असते. उद्या जरा लवकर या."

"महाराज?"

"महाराजांचं मी बघतो."

महाराज राहिले. एक तर ही, नाही तर मी, असं ते म्हणाले होते खरे, पण एकादशी दोन दिवसांवर होती आणि खिचडीच्या ऑर्डरी त्यांच्याच नावावर येत. परिपत्रकातली कलमं एक आणि तीन मी मागे घेतली. टँकर दिवसाआड सांगितला, आणि बागेचं पाणी मोरीकडे वळवलं. बाग वाळली, तशीही ती प्लास्टिकचीच जास्त होती.

पुढच्या तुकडीचं भाषण कडूबाईंनी दिलं. मी घड्याळ लावून बसलो होतो : सात मिनिटं. स्लाइड नाही. एक न धुतलेलं उलथनं, एक पांढरा नॅपकिन, एक मग पाणी. नॅपकिन फिरवून झाला की त्या विचारतात, "हे भांडं स्वच्छ हाय का?" नवी माणसं नाही म्हणतात. "मंदिरात ठेवलं तर?" तेव्हा ती एकमेकांकडे बघतात. "मंदिरात ठेवलं तरी त्यात कूटच हाय. भांड्याला जात इचारू नका, काय शिजलं ते इचारा. ज्याला ठाऊक नसंल त्यानं मला येऊन इचारायचं. मी मोरीपाशी असते."

पगार वाढवला का, असं लोक मला विचारतात. हुद्दा वाढवला. 'स्वच्छता प्रमुख' अशी पाटी केली आहे. ती मोरीवरच लावली.

विटांची ओळ अजून आहे. ती काढायला नानासाहेबांची मंजुरी लागेल आणि मी अर्ज केलेला नाही, निवृत्तीपूर्वी करीन. पण उपवासाची कढई रोज दुपारी तीन वाजता ती ओळ ओलांडून येते. महाराज ती स्वतः आणतात, मोरीच्या कट्ट्यावर ठेवतात आणि मान दुसरीकडे वळवून उभे राहतात. कडूबाई साबण लावतात, काथ्याने घासतात, आतून पाण्याची धार सोडतात आणि म्हणतात, "बघा महाराज, पळालं का?"

महाराज बघतात. बघावंच लागतं. "नाय पळालं," ते म्हणतात आणि कढई घेऊन जातात.

एकादशीची गर्दी पूर्वीइतकीच आहे. कढई कुठे धुतली, हे खिचडी खाणाऱ्यांपैकी अजून तरी कोणी विचारलेलं नाही.